वहीतल्या दोन रेघा: ‘कित्ता’ उलगडताना या चुका टाळा

खानापूरच्या आमच्या जुन्या अडत दुकानाची वही मी भाच्याकडून एक्सेलमध्ये उतरवून घेतली, तेव्हा एका पानाचा हिशेब ८० रुपयांनी कमी आला. बेरजा पुन्हा केल्या, पण आकडा तोच. चूक बेरजेत नव्हती, रेघेत होती.

पानावर दराच्या घरात पहिल्या ओळीत १४ होते आणि तिथून उभी रेघ खाली ओढलेली होती. अशी रेघ किंवा ‘〃’ म्हणजे कित्ता, वरचंच खाली धरायचं. भाताची पोती १२, ९ आणि ७. चौथ्या ओळीत माल बदलून तांदूळ झाला आणि दर २२ लिहिला होता. रेघेचं शेपूट मात्र हात न उचलता त्या २२ वरूनच गेलं होतं. भाच्याने तिथेही रेघच मानली आणि पाचव्या ओळीतलं ‘〃’ तिच्यामागे गेलं. तांदळाची ४ आणि ६ अशी १० पोती २२ ऐवजी १४ ने धरली गेली. दरातला फरक ८, गुणिले १०, म्हणजे बरोबर ८०. खरी बेरीज ३९२ अधिक २२०, म्हणजे ६१२, आणि मुनिमांनी पानाखाली तीच लिहिली होती. म्हणून फरक आला की आधी त्याला दोन दरांतल्या फरकाने भागून बघा. उत्तर पोत्यांच्या संख्येत बसलं तर रेघ कुठे संपते ते तिथेच सापडतं.

दुसरी चूक जास्त फसवी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधीच्या वह्यांत उभी रेघ ‘।’ म्हणजे पाव आणि ‘॥’ म्हणजे अर्धा. घाईत लिहिलेला ‘॥’ आणि कित्त्याच्या दोन तिरक्या रेघा सारख्याच दिसतात. आकड्याला चिकटून असेल, जसं १२॥, तर ते साडेबारा. घरात एकटीच खूण असेल तर दोन्ही अर्थ लावून पानाच्या बेरजेशी पडताळा. रकमेशेजारी वेगळ्या शाईतली बारीक रेघ असेल तर ती खतावणीत नोंद गेल्याची खूण असते, तिचं काही उलगडायचं नाही.

उतरवताना मूळ घरात खूण जशीच्या तशी टाका आणि उलगडलेलं मूल्य शेजारच्या घरात ठेवा. उभ्या रेघेखालच्या प्रत्येक ओळीतही ‘|’ टाका. मूळ E मध्ये असेल तर F2 मध्ये हे:

```
=IF(E2="","",IF(OR(E2="〃",E2="|"),F1,E2))
```

मग खालपर्यंत ओढा. रिकामं घर रिकामंच राहतं. ते भरू नका, कारण मुनिमांनी रिकामं सोडलेलं बहुतेकदा खरंच रिकामं असतं. नव्या पानाच्या पहिल्याच ओळीत ‘〃’ असेल तर ते मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीचं असतं, म्हणून पानं क्रमाने एकाच शीटवर घ्या. F मध्ये ‘दर’ हे मथळ्याचं नाव उतरलेलं दिसलं तर आधीचं पान सुटलं आहे.

ओळी गावानुसार क्रमाने लावण्याआधी F कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा. सूत्र तसंच ठेवून ओळी हलवल्या तर नंदगडच्या पोत्याला जांबोटीचा दर लागतो.