मुरूम काढता काढता चेहराच पुसून टाकता? या चुका टाळा

लग्नसराई आली की आमच्या तालुक्याच्या स्टुडिओत बायोडाटाच्या फोटोची गर्दी होते अन् प्रत्येक आईचं एकच म्हणणं, "भाऊ, पोरीचे मुरूम तेवढे काढून द्या." मी सुरुवातीला सरळ गाल सिलेक्ट करून ब्लर मारायचो. मुरूम जायचे, पण सोबत बारीक लव, रोमछिद्रं सगळंच जायचं अन् पोरगी साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसायची.

मुरमात खरं तर दोन गोष्टी असतात, उंचवटा अन् लाली, आणि दोन्ही एकाच ब्रशनं काढायला गेलं की घोळ होतो.

परवाचंच बघा, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढलेला क्लोजअप होता, गालावर तीन मोठे मुरूम अन् एक अगदी कुंकवाला चिकटून. आधी फोटोशॉपमध्ये रिकामी नवीन लेयर घेतली, Healing Brush निवडून वर Sample मध्ये Current & Below केलं, म्हणजे मूळ फोटोला हात लागत नाही. झूम 100%, कारण 300 वर गेलं की एकेक छिद्र पुसायचा मोह होतो. ब्रश मुरमापेक्षा किंचितच मोठा ठेवायचा, अन् Alt दाबून नमुना घ्यायचा तो शेजारच्याच कातडीचा. नाकाजवळची छिद्रं मोठी, डोळ्याखालची कातडी एकदम बारीक, त्यामुळे लांबून नमुना आणला की ठिगळ लगेच दिसते. एकाच जागेवरून तीनदा घेतला तर तोच ठिपका तीन ठिकाणी उगवते, म्हणून दरवेळी जागा बदला.

कुंकवाजवळ हा ब्रश फसतो बरं का! तो पोत नमुन्यातून घेतो पण रंग आजूबाजूशी जुळवतो, मग कुंकवाचा लाल कपाळावर पसरल्यासारखा डाग येते. तिथं Clone Stamp, छोटा अन् थोडा कडक ब्रश.

उंचवटा गेला तरी लाली राहते, अन् इथंच लोक पुन्हा पुन्हा ब्रश घासून पोत घालवतात. त्यापेक्षा वर अजून एक रिकामी लेयर, तिचा मोड Color, बाजूच्या चांगल्या कातडीचा रंग उचलायचा अन् मऊ ब्रशनं Flow 5 ते 10 ठेवून हलकं फिरवायचं. या मोडमध्ये फक्त रंग बदलतो, उजेड-सावली तशीच राहते, म्हणून छिद्रं शाबूत. तिथं करडं किंवा फिकट दिसायला लागलं तर जास्त झालं, लेयरची Opacity उतरवा. लाली जाऊनही काळपट डाग उरला तर तो या मोडनं जात नाही, तो Curves नं थोडा उजळावा लागते.

अन् तीळ? तो मुरूम नाही राजेहो, विचारल्याशिवाय हात लावू नका. मी एकदा हनुवटीचा तीळ उडवला, तर पोरीची आजी म्हणे, "हा फोटो आमच्या पोरीचा नाहीच." पण लेयर वेगळी होती म्हणून तेवढाच भाग खोडरबरानं पुसला अन् दोन मिनिटांत तीळ परत आणून दिला.