स्टिकर बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही

बद्धकोष्ठामुळे चड्डी खराब होणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला जेवणानंतर संडासात बसायची सवय लावताना स्टिकर नुसतं बसल्याबद्दल द्या. बसणं मुलाच्या हातात असतं, शी होणं नसतं. आमच्याकडे आधी 'झाली तरच स्टिकर' असा नियम होता. मुलगा कुंथून कुंथून रडकुंडीला आला आणि चौथ्या दिवशी त्याने तक्ताच फाडला.

पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं. म्हणून नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाच ते दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली स्टूल हवं, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. टायमर वाजला की उठायचं, काही झालं नसलं तरी. स्टिकर लगेच, त्याच्याच हाताने. पाच जमले की झोपताना एक जादा गोष्ट किंवा बाबांबरोबर कॅरमचा डाव. महिनाअखेरची सायकल या वयाला फार लांब पडते!

चड्डी खराब झाली म्हणून मिळालेला स्टिकर काढून घेऊ नका. आणि तक्ता छान भरतोय म्हणून डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध आपल्या मनाने थांबवू नका. एकदा दुखलं की मूल पुन्हा दाबून धरायला लागतं.