आजोबांसाठी लॅपटॉपचा एक कागद लिहिताय? या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या आमच्या आजोबांकडे नवा लॅपटॉप आला. व्हिडिओ कॉल आणि ईमेल एवढ्यासाठी एका पानावर सूचना लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. अशी पानं बऱ्याच घरांत लिहिली जातात आणि आठवड्याभरात पेपरच्या रद्दीत जातात. कारण बहुतेकदा एकच असतं: काय दाबायचं ते पानावर असतं, पण दाबल्यावर काय दिसायला हवं ते नसतं.

‘गूगल मीटची लिंक उघडा आणि जॉइन व्हा’ हे वाक्य आपल्याला पुरतं. आजोबांना असं लागतं: ‘मेलमधल्या निळ्या अक्षरांवर एकदाच क्लिक करा. तुमचा चेहरा दिसेल. शेजारी Join now असेल, ते दाबा. त्याऐवजी Ask to join दिसलं तर तेच दाबा आणि थांबा, आम्ही आत घेतो.’ ही दुसरी शक्यता लिहायची राहिली की आजोबा तिथेच अडतात. बटणांची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच लिहा. त्यांचं मराठी करू नका, नाहीतर ते मराठी शब्दच शोधत बसतील.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘आवाज येत नाही’ या तक्रारीवर होतो, कारण त्यात दोन वेगळे बिघाड असतात. म्हणून पानावर आधी प्रश्न लिहा: कोणाचा आवाज कोणाला येत नाही?

आजोबांनाच ऐकू येत नसेल तर आधी आवाजाची बटणं बघायची. ती ठीक असली तर कानाचं ब्लूटूथ यंत्र तपासायचं. ते टेबलाच्या खणात चालू राहिलं असेल, तर नातीचा आवाज खणातच जातो. यंत्र बंद केलं की आवाज लॅपटॉपवर परत येतो.

आपल्याला आजोबा दिसतात, पण ऐकू येत नाहीत, तेव्हा दोष माइकचा. खालच्या पट्टीतलं माइकचं चित्र तिरप्या रेषेने खोडलेलं आणि लाल असेल तर त्यावर एकदा क्लिक करायचं, किंवा Ctrl आणि D एकत्र दाबायचं. तरीही रेष जात नसेल, तर पहिल्याच दिवशी क्रोमने माइकची परवानगी मागितली तेव्हा घाईत नकार दिला गेला असावा. एकदा नाही म्हटलं की क्रोम सहसा पुन्हा विचारत नाही. वर पत्त्याच्या पट्टीत, meet.google.com च्या डावीकडे छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून Microphone चालू करायचा आणि पान पुन्हा उघडायचं. माझ्या मते ही परवानगी आपण स्वतः एकदा बसून देऊन टाकावी. पानावर तिला एकच ओळ पुरे.

पडदा काळा दिसला तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी कॅमेऱ्यावरची सरकती झाकणी बघा. सगळ्या लॅपटॉपला ती नसते, पण असली तर बहुधा तीच बंद असते. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो, म्हणून कॉल तुटतो. हे लिहून ठेवलं नाही तर आजोबांना वाटतं आपणच काही बिघडवलं.

ईमेलमध्ये खरी अडचण लिहिण्याची नसते, पाठवण्याची असते. सोमेश्वरच्या धबधब्याचा फोटो जोडून आजोबा दोन ओळी लिहितात आणि खिडकी बंद करतात. मेल जात नाही, Drafts मध्ये पडून राहते. म्हणून ‘Send दाबा’ एवढ्यावर थांबू नका. पुढे लिहा: ‘डावीकडे Sent उघडा. तिथे मेल दिसली तर गेली.’ थोड्या वेळाने Address not found अशी मेल आली, तर पत्त्यात अक्षर चुकलंय. पत्त्यात मोकळी जागा सोडायची नाही आणि @ साठी Shift धरून 2 दाबायचा. खरं तर नातवंडांचे पत्ते आपणच आधी भरून ठेवावेत.

पासवर्ड याच कागदावर लिहू नका. हा कागद टेबलावर पडून राहणार, येणारा-जाणारा वाचणार. पासवर्ड कपाटातल्या वहीत बरा. मात्र एक ओळ ठळक हवी: ‘बँकेतून बोलतोय म्हणून कोणी लॅपटॉपवर काही उघडायला सांगितलं तर फोन ठेवा आणि आम्हाला फोन करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.’

कागद झाला की आजोबांना एक कॉल आणि एक मेल त्यावरूनच करायला सांगा. आपण शेजारी बसायचं, पण माउसला हात लावायचा नाही. ‘आजोबा, तिथे नाही, खाली बघा’ असं तोंडून निघालं, तर ती ओळ बदलायची. छपाई 16 पॉइंटच्या अक्षरांत आणि एकाच बाजूला करा. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, सूचना कमी करा. पार्श्वभूमी बदलणं, मेलचे फोल्डर वगैरे आधी काढून टाका.