इडलीचं पीठ आंबलं, पण फुगलं नाही? या चुका टाळा

थंडी पडली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेलाच: "पीठ आंबट झालंय, पण वर काही आलं नाही. सोडा घालू का?" नका घालू. आधी हे ऐका.

फुगणं आणि आंबट होणं ही एकाच जिवाणूची कामगिरी नाही. भिजवलेल्या उडीद डाळीवर आणि तांदळावर जिवाणू आधीपासूनच असतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. त्यातला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स पहिल्यांदा जोर धरतो. तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो, आणि उडदातली प्रथिनं व चिकट पदार्थ तो वायू धरून ठेवतात. इडली फुगवतो तो हाच, हे १९६५ सालच्या शोधनिबंधातच दाखवलंय. त्यासाठी यीस्ट लागत नाही. पीठ जसं आंबट होत जातं तसे आम्ल सोसणारे दुसरे जिवाणू पुढे येतात. त्यातले बरेचसे आम्ल भरपूर करतात, वायू मात्र जवळजवळ नाहीच.

आता माझी फजिती. पुण्यात डिसेंबर, घरी नणंद आणि तिची मंडळी येणार, सकाळी इडल्या हव्यात. तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, सगळं नेहमीचंच. पण वाटून होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. घाईघाईत ओव्हन गरम करून बंद केला आणि पातेलं आत ठेवलं. मध्यरात्री उठून पुन्हा थोडा तापवला, म्हणजे जास्त शहाणपणा केला. सकाळी सहाला झाकण काढलं तर आंबट वास नाकात गेला, पण पीठ जिथे होतं तिथेच. वर दोन-चार बुडबुडे, जाळी नाही. अर्ध्या पिठात चमचाभर सोडा घातला. इडल्या फुगल्या, पण पिवळसर झाल्या आणि चव साबणासारखी. वहिनीचा मान म्हणून नणंद दोन खाऊन गप्प बसली.

नंतर तसंच करून ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवून पाहिला, तर पारा ४४ अंशांवर. ल्युकोनोस्टॉक थंड स्वभावाचा, तो २० ते ३० अंशांच्या आसपास खुशीत असतो. चाळिशीपलीकडे तो गळपटतो आणि आम्लवाल्यांचं फावतं. म्हणजे पिठाला मी ऊब दिली नव्हती, फुगवणाऱ्यालाच घालवलं होतं. तेव्हापासून हिवाळ्यात पातेलं थर्माकोलच्या खोक्यात ठेवते, शेजारी कोमट पाण्याची बाटली. बाटली हातात धरवली पाहिजे, चटका बसता कामा नये. पुण्याच्या थंडीत बारा-चौदा तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी पोहे करा.

दुसरी चूक "विरजण" लावण्याची. चमचाभर दही घातलं की लवकर आंबेल, हे खरंच आहे. आंबतंच! पण दह्यातले नेहमीचे जिवाणू आम्ल करण्यात पटाईत, वायूच्या बाबतीत कंजूष. सुरुवातीलाच त्यांची फौज आणून बसवली तर फुगवणाऱ्याला जागा कुठून मिळणार? फार आंबट झालेलं जुनं पीठ मिसळणंही याच जातीचं. मी भिजवलेल्या डाळीचं थोडं पाणी वाटताना वापरते, त्यात हवे ते जिवाणू असतात.

मिक्सरचं भांडं तापू देऊ नका. मी थांबत-थांबत, गार पाणी घालत वाटते. भांड्याचा तळ हाताला गरम लागला की पाच मिनिटं विश्रांती. डाळ आणि तांदूळ वेगळे वाटायचे. डाळ लोण्यासारखी हलकी झाली पाहिजे: थेंब पाण्यात टाकला तर तरंगावा. बुडला तर अजून वाटा.

पीठ पातळ करू नका, वायू निसटतो.

मीठ रात्रीच घातलं तर पीठ आंबत नाही, ही समजूत सोडा. नेहमीच्या प्रमाणातलं मीठ ल्युकोनोस्टॉक आरामात सोसतो.

आणि तयार झालेलं पीठ ढवळून "एकजीव" करू नका. जाळी दिसली की डावाने वरून अलगद घेऊन थेट साच्यात. पीठ दुपटीकडे गेलं, वास हलका आंबट आला, की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पातेल्याच्या कडेला वर चढल्याची खूण आहे आणि पीठ मात्र खाली बसलंय, असं दिसलं तर वेळ टळून गेली. आम्ल फार वाढलं की ती प्रथिनं वायू धरत नाहीत, मग कितीही वेळ ठेवलं तरी वर येणार नाही.

त्या डिसेंबरातलं सोडा न घातलेलं अर्धं पीठ मी फेकलं नाही. थोडं पाणी घालून दुपारी डोसे केले. डोशाला इतकं फुगणं लागत नाही, आंबटपणा मात्र खपतो. तव्यावर कडा सोनेरी होऊन सुटल्या, आणि नणंदेने तीन मागून घेतले.