हेडफोनला नवी पिन लावताना या चुका टाळा

पिन बदलली, दोन्ही कानांत आवाज येतोय, पण गाणारा गायब आणि मागची वाद्यं विहिरीतून आल्यासारखी! हा दोष फार फसवा, कारण आवाज येतोय म्हटल्यावर कुणी सोल्डरिंगवर संशय घेत नाही.

सांगलीत नाट्यगीतं शिकणाऱ्या एका मुलीचा हेडफोन माझ्याकडे असाच आला. जुनी मोनो रेकॉर्डिंग लावली की जवळजवळ शांतता, आणि स्टिरिओ गाणी लावली की गायक सोडून बाकी सगळं. तिला वाटलं, फाइलच खराब आहेत. मी मल्टिमीटर लावला. पिनचं टोक म्हणजे डावा, मधली रिंग म्हणजे उजवा आणि मागचा लांब भाग, स्लीव्ह, म्हणजे ग्राउंड. टोक ते रिंग ६४ ओहम दाखवत होतं, पण टोक ते स्लीव्ह काहीच नाही, रिंग ते स्लीव्हही नाही. म्हणजे ग्राउंड तुटलेलं. मग दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो उडतो. मोनोत तर फरकच नसतो.

पिन उघडली तर ग्राउंडची तांबूस तार लांब पट्टीवर बसलेली दिसत होती. पण सोल्डर नुसतं तिच्याभोवती गोळा झालं होतं. या बारीक तारा उघड्या दिसल्या तरी त्यांच्यावर लाखेचा थर असतो, आणि हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. ब्लेडने खरवडाल तर तारा तुटतात. त्यापेक्षा २५ वॅटच्या आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या, तारेला पेस्ट लावा आणि टोक त्या थेंबात बुडवून ठेवा. धूर निघून तार चंदेरी झाली की थर गेला. आत पांढरा दोरा असेल तर तो आधी कापा. मग टोक ते स्लीव्ह ३२, रिंग ते स्लीव्ह ३२ आलं आणि गायक परतला.

रंगावर भरवसा ठेवू नका. लाल उजवा हे बहुतेकदा खरं, पण हिरवा-निळा कंपनीगणिक बदलतो; मीटरने बघूनच जोडा.

दुसरी चूक उष्णतेची. आयर्न पट्टीवर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवलं तर रिंग आणि टोकामधलं प्लास्टिक मऊ होऊन भाग सरकतात. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून सोल्डर करा. भाग जागेवर राहतात आणि उष्णताही वाटली जाते. टोपी मात्र वायरमध्ये आधीच ओवलेली हवी.

टोपी घट्ट बसवल्यावर पुन्हा मोजा. टोपी धातूची असेल तर ती स्लीव्हलाच जोडलेली असते, आणि उजव्याची सुटी तार तिला टेकली की रिंग ते स्लीव्ह शून्याजवळ येतं. तसं झालं तर पिनसोबत आलेली प्लास्टिकची नळी आत घालायची राहिलीय का ते बघा.