सुरतहून कुर्त्या मागवताय? आधी या चुका टाळा

ऑनलाइन होलसेलला कुर्ती 220 रुपयांना दिसते, पुण्यात ती 449 ला जाते, म्हणजे नगामागे 229 सुटले. असा हिशेब करून पहिल्याच खेपेला दोनशे नग मागवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 220 वर 5 टक्के जीएसटीचे 11 रुपये लागतात, आणि तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत. ट्रान्सपोर्ट आणि हमालीचे नगामागे 30 धरा. म्हणजे कुर्ती घरात 261 ला पडली. पॅकिंगचे 10 आणि कुरियरचे 70 गेले की हातात 108 उरतात.

तेही माल परत आला नाही तर. समजा, कॅश ऑन डिलिव्हरीच्या 10 ऑर्डर गेल्या आणि 7 गिऱ्हाइकांनी घेतल्या, तर 756 रुपये मिळाले. परत आलेल्या तीन कुर्त्यांवर जाण्या-येण्याचं कुरियर आणि पॅकिंग मिळून प्रत्येकी 150, म्हणजे 450 गेले. उरले 306. त्यातली एक गळ्याला फाउंडेशनचा डाग लागून आली तर ती विकता येत नाही. आणखी 261 वजा, हाती 45. म्हणून दहातल्या तीन परत येणार असं धरूनच हिशेब मांडा; त्यात पैसे सुटत नसतील तर तो माल सोडा. पाठवण्याआधी फोन करून छातीचं माप इंचांत विचारलं तर मापामुळे येणारे रिटर्न बरेच टळतात.

261 हाच आकडा घेऊन एकदा पुण्याच्या रविवार पेठेतही फिरा. तशीच कुर्ती तिथे 270 ला मिळत असेल, तर कापड हाताला लागतं आणि वाटेत माल खराब व्हायची भीती नाही. नऊ रुपये वाचवण्यासाठी सुरतेहून मागवण्यात अर्थ नाही.

पुरवठादार पारखताना गोड बोलण्यावर जाऊ नका. त्याचा 15 अक्षरी जीएसटी नंबर मागा; गुजरातचा असेल तर तो 24 ने सुरू होतो. services.gst.gov.in वर "Search Taxpayer" मध्ये टाकून नोंदणी "Active" आहे का, विवरणपत्रं वेळेवर भरली आहेत का, ते बघा. पैसे ज्या खात्यात मागतोय त्याचं नाव तिथल्या नावाशी जुळलं पाहिजे. एखाद्याच्या खासगी यूपीआयवर अॅडव्हान्स मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा.

तरीही खरा धोका सॅम्पलनंतर येतो. सॅम्पल उत्तम, गाठीतला माल पातळ, ही नेहमीची तक्रार. तीन नग मागवा, एक धुऊन रंग आणि आटणं बघा, एक न वापरता बाजूला ठेवा. त्याचं माप, कापड आणि ग्रॅममधलं वजन पुरवठादाराला व्हॉट्सअॅपवर लिहून "हाच माल" असं कबूल करून घ्या. खराब नग परत पाठवायचं भाडं कोणाचं, तेही त्यातच. मग 20 नग. गाठ फोडताना बिल्टीपासून, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीपासून, व्हिडिओ चालू ठेवा आणि पाच-सहा नग ठेवलेल्या सॅम्पलशेजारी वजनकाट्यावर ठेवून बघा.

दुसऱ्या खेपेचे 20 ही तसेच उतरले, तर पन्नासचा विचार करा.