प्रकाश अभिक्रिया आणि अंधार अभिक्रिया वेगळ्या कशा कराव्यात: कोणत्या टप्प्यात काय लागते आणि काय तयार होते

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून प्रकाशाच्या साहाय्याने ग्लुकोज आणि ऑक्सिजन तयार होतात, हे प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. अडचण येते ती हेच समीकरण दोन टप्प्यांत विभागून दाखवायला सांगितल्यावर. ऑक्सिजन कोणत्या टप्प्यात बाहेर पडतो, पाणी कुठे खर्ची पडते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी हे लागणाऱ्या पदार्थांत मोजायचे की तयार होणाऱ्या, अशा प्रश्नांपुढे नुसते पाठांतर टिकत नाही. विभागणी कशाच्या आधारे करायची हे एकदा समजले, की दोन्ही याद्या कोऱ्या कागदावर मांडता येतात. हा आधार १९५८ साली झालेल्या एका प्रयोगात अतिशय स्वच्छ दिसतो, म्हणून या लेखात तोच प्रयोग धरून पुढे जाऊ.

पायरी १ : आधी जागा ठरवा

दोन्ही टप्पे पानाच्या पेशींतील हरितलवकात घडतात, परंतु एकाच ठिकाणी नव्हे. हरितलवकाच्या आत थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात आणि त्यांच्या चळतींना ग्रॅना म्हणतात. सगळे हरितद्रव्य या पिशव्यांच्या पटलात बसवलेले असते. पिशव्यांभोवती जो रंगहीन द्रव भरलेला असतो त्याला स्ट्रोमा म्हणतात आणि त्यात विकरे, म्हणजे एन्झाइम्स, विरघळलेली असतात. कागदावर एक मोठा लंबगोल काढून त्यात एका बाजूला थायलाकॉइडची चळत काढावी आणि उरलेली जागा स्ट्रोमासाठी मोकळी ठेवावी. प्रकाश शोषणारे द्रव्य फक्त पटलात असल्यामुळे प्रकाश अभिक्रिया पटलावरच घडणार, आणि कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर स्ट्रोमात असल्यामुळे साखर घडवण्याचे काम स्ट्रोमात होणार, एवढा निष्कर्ष या आकृतीवरूनच निघतो.

पायरी २ : टप्पे प्रत्यक्षात कसे वेगळे केले गेले ते पाहा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत ट्रेब्स्ट, त्सुजिमोतो आणि आरनॉन यांनी पालकाच्या पानांतून हरितलवके वेगळी काढली. पहिल्या भागात त्यांनी हरितलवकांवर प्रकाश टाकला, पण कार्बन डायऑक्साइड मुळीच मिळू दिला नाही. त्याऐवजी एटीपी घडवण्यासाठी एडीपी व फॉस्फेट आणि इलेक्ट्रॉन घेण्यासाठी एनएडीपी असे तीन पदार्थ पुरवले. ऑक्सिजन बाहेर पडला आणि द्रवात एटीपी व इलेक्ट्रॉन घेऊन तयार झालेले एनएडीपीएच साठले. साखर मात्र झाली नाही, कारण तिच्यासाठी लागणारा कार्बनच तेथे नव्हता.

दुसऱ्या भागात त्यांनी हिरवा भाग, म्हणजे ग्रॅना, काढून टाकला. मागे राहिलेल्या रंगहीन द्रवात स्ट्रोमातील विकरे होती आणि पहिल्या भागात साठलेले एटीपी व एनएडीपीएच होते. हा द्रव अंधारात ठेवून त्याला किरणोत्सारी कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड दिला, तेव्हा तो कार्बन शर्करेच्या फॉस्फेटांत उतरलेला आढळला. हरितद्रव्य नाही, प्रकाश नाही, आणि तरीही कार्बन साखरेत बांधला गेला.

या प्रयोगातून विभागणीची कसोटी मिळते. एखादा पदार्थ कार्बन डायऑक्साइडच्या अभावीही प्रकाशात खर्च होत असेल किंवा तयार होत असेल, तर तो प्रकाश अभिक्रियेच्या यादीत जातो. एटीपी आणि एनएडीपीएच पुरवल्यावर अंधारातही जे घडते, ते अंधार अभिक्रियेचे. माझ्या मते विद्यार्थ्यांना समीकरणाआधी हा प्रयोग सांगायला हवा, कारण त्यानंतर कोणता पदार्थ कुठला याचा गोंधळ फारसा उरत नाही.

या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येतो. पालकाची शिरा काढलेली पाने थंड साखरेच्या बफर द्रावणात वाटून मलमलच्या कापडातून गाळतात आणि अपकेंद्री यंत्रात फिरवून हरितलवके तळाशी बसवतात. त्यांच्या निलंबनात डीसीपीआयपी हे निळे रंगद्रव्य घातले, की ते एनएडीपीच्या जागी इलेक्ट्रॉन घेते आणि प्रकाशात रंगहीन होते. या अभिक्रियेचे मूळ रॉबिन हिल यांनी १९३७ मध्ये दाखवलेल्या निरीक्षणात आहे. सोबत काळ्या कागदात गुंडाळलेली एक नळी आणि उकळलेल्या हरितलवकांची एक नळी हवीच, कारण त्या दोन्ही निळ्या राहिल्या तरच रंग प्रकाशामुळे आणि जिवंत पटलांमुळे गेला असे म्हणता येते. गुंडाळलेल्या नळीतलाही रंग गेला, तर रंगद्रव्य दुसऱ्याच एखाद्या पदार्थामुळे बदलले असा अर्थ होतो. कोणत्याही नळीत काहीच घडले नाही, तर बहुतेक वेळा वाटताना द्रावण थंड न राहिल्याने पटले निकामी झालेली असतात.

पायरी ३ : प्रत्येक पदार्थ त्याच्या जागी ठेवा

आता कसोटी लावू. पाण्याचे विघटन पटलावर प्रकाशात होते, म्हणून पाणी हा पहिल्या टप्प्यात लागणारा पदार्थ आहे. ऑक्सिजन याच विघटनातून येतो. १९४१ मध्ये रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी वापरून हे दाखवले, त्यामुळे ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो हा समज सोडून द्यायला हवा. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पटलातील वाहकांच्या साखळीतून जात शेवटी एनएडीपीला मिळतात आणि त्याचे एनएडीपीएच होते. या प्रवासात पिशवीच्या आत हायड्रोजन आयन साठतात आणि ते बाहेर पडताना एडीपी व फॉस्फेट जोडून एटीपी तयार होते.

स्ट्रोमात कार्बन डायऑक्साइड हा रायब्युलोज बिसफॉस्फेट या पाच कार्बनांच्या रेणूला जोडला जातो आणि तीन कार्बनांचे फॉस्फोग्लिसरिक आम्ल तयार होते. त्याचे रूपांतर तीन कार्बनांच्या शर्करेत करण्यासाठी एटीपी आणि एनएडीपीएच दोन्ही खर्च होतात. या शर्करेतील बहुतेक भाग पाच कार्बनांचा रेणू पुन्हा तयार करण्यासाठी परत वापरला जातो आणि त्या कामासाठीही एटीपी लागते. हे केल्विन चक्र होय.

एटीपी आणि एनएडीपीएच ही दोन्ही नावे दोन्ही याद्यांत येतात, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. प्रकाश अभिक्रियेत ती तयार होतात आणि अंधार अभिक्रियेत खर्च होतात. उलट दिशेने एडीपी, फॉस्फेट आणि एनएडीपी स्ट्रोमातून पटलाकडे परततात. आकृतीत पटल आणि स्ट्रोमा यांच्यामध्ये जाणारे आणि येणारे असे दोन बाण काढल्यास हे विसरले जात नाही. स्वतःची यादी तपासण्याची सोपी खूणही यातच आहे: एकूण समीकरणात एटीपी किंवा एनएडीपीएच उरले असेल, तर कुठेतरी हिशेब चुकला आहे.

पायरी ४ : एका ग्लुकोजचा हिशेब जुळवा

हिशेब शेवटाकडून सुरू करावा. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, म्हणून सहा कार्बन डायऑक्साइड हवेत. प्रत्येकामागे केल्विन चक्रात तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच खर्च होतात, म्हणजे एकूण १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच. प्रत्येक एनएडीपीएचला दोन इलेक्ट्रॉन लागतात आणि पाण्याच्या एका रेणूतून दोनच इलेक्ट्रॉन मिळतात, त्यामुळे १२ पाण्याचे रेणू फुटायला हवेत. त्यांतून सहा ऑक्सिजन रेणू सुटतात.

प्रकाश अभिक्रिया:

`12H2O + 12NADP+ + 18ADP + 18Pi → 6O2 + 12NADPH + 12H+ + 18ATP`

अंधार अभिक्रिया:

`6CO2 + 12NADPH + 12H+ + 18ATP → C6H12O6 + 6H2O + 12NADP+ + 18ADP + 18Pi`

एटीपी तयार होताना सुटणारे आणि ते फुटताना लागणारे पाणी दोन्ही टप्प्यांत सारखेच असल्यामुळे वर लिहिलेले नाही. दोन्ही ओळींची बेरीज केली, की एटीपी आणि एनएडीपीएच यांसारखे वाहक एकमेकांना छेदून जातात आणि उरते ते हे:

`6CO2 + 12H2O → C6H12O6 + 6O2 + 6H2O`

शाळेत सहा पाण्याचे रेणू लिहितात ते दोन्ही बाजूंचे सहा रेणू वजा करून. एकूण हिशेबाला ते चालते, पण टप्पे वेगळे करताना १२ हाच आकडा ठेवावा, नाहीतर सहा ऑक्सिजन रेणूंतील बारा अणू पाण्यातून आले कसे हे दाखवता येत नाही. आणखी एक बारकावा असा की केल्विन चक्रातून थेट बाहेर पडते ती तीन कार्बनांची शर्करा. ग्लुकोज, साखर किंवा पिष्ट तिच्यापासून नंतर घडतात आणि हिशेबाच्या सोयीसाठीच ग्लुकोज लिहिले जाते.

पायरी ५ : एक टप्पा बंद करून विभागणी पडताळा

समजा, पानावरचा दिवा अचानक विझवला. एटीपी आणि एनएडीपीएच येणे थांबते, परंतु कार्बन डायऑक्साइड जोडण्याच्या पायरीला या दोन्हींची गरज नसल्यामुळे ती थोडा वेळ चालू राहते. परिणामी फॉस्फोग्लिसरिक आम्ल वाढते आणि पाच कार्बनांचा रेणू घटत जातो. आता दिवा चालू ठेवून कार्बन डायऑक्साइड तोडला, तर उलटे होते: पाच कार्बनांचा रेणू साठतो आणि आम्ल घटते. केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवालात हे दोन्ही बदल प्रत्यक्ष मोजले. आपल्या यादीवरून हे दोन्ही निष्कर्ष स्वतः काढता आले, तर विभागणी बरोबर झाली असे समजावे.

दिवा विझल्यावर पानात केल्विन चक्र थोड्याच वेळात थांबते, म्हणून अंधार अभिक्रिया रात्री चालते असे लिहिणे चूक आहे. तिला प्रकाश थेट लागत नाही, पण प्रकाशाने तयार केलेला साठा लागतो. शिवाय चक्रातील काही विकरे प्रकाशातच पूर्णपणे कार्यरत होतात.

हा हिशेब कुठे बदलतो

वरील आकडे पालक, गहू, भात यांसारख्या वनस्पतींचे आहेत. सरळ मार्गाने इलेक्ट्रॉन वाहिले तर १२ एनएडीपीएचमागे १८ पेक्षा थोडे कमीच एटीपी तयार होते, आणि ही तूट इलेक्ट्रॉनांच्या चक्रीय प्रवाहातून बऱ्याच अंशी भरून निघते. या प्रवाहात लागतात प्रकाश, एडीपी आणि फॉस्फेट, आणि मिळते फक्त एटीपी. पाणी फुटत नाही आणि ऑक्सिजनही सुटत नाही. ऊस, ज्वारी आणि मका यांत कार्बन डायऑक्साइड आधी एका प्रकारच्या पेशीत पकडून दुसऱ्या प्रकारच्या पेशीत रुबिस्कोजवळ आणला जातो, आणि या वाहतुकीचा खर्च धरून एका ग्लुकोजमागे ३० एटीपी लागतात. कोरफड आणि घायपात रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, पण त्याची साखर दिवसाच, प्रकाश अभिक्रियेतून एटीपी आणि एनएडीपीएच मिळू लागल्यावर, तयार होते.